रिकाम्या मोटारी, जास्तीचे कॅपॅसिटर

माझ्या वर्कशॉपला दहा केव्हीएआरचे कॅपॅसिटर पुरले असते. मी तीसचे बसवले आणि वर्षभर त्याबद्दल शाबासकीही घेतली. पुढे ते जास्तीचे आहेत हे कळल्यावर, वाया जाऊ नयेत म्हणून मशिनांवर वाटून टाकले. त्यातून जे झालं ते पहिल्या चुकीपेक्षा महाग पडलं. हे सगळं लिहून काढतोय, कारण माझ्यासारखी डझनभर लहान मोटारींची शेडं गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेक ठिकाणी कॅपॅसिटर माझ्यासारखेच अंदाजाने घेतले जातात.

आमची शेड कोल्हापुरात उद्यमनगरात. शाफ्ट, बुश, पुली, फाउंड्र्यांची आणि साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं, असं जॉबवर्क. चार लेथ, त्यातला एक मोठा ५ एचपीचा आणि तीन ३ एचपीचे. शिवाय एक शेपर, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, दोन साधी ड्रिल मशिनं, हॅक्सॉ, ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर. सगळ्या मोटारींची बेरीज ३१ एचपी, म्हणजे २३ किलोवॅट. शेपर आणि मिलिंग २०१६ साली जुन्या बाजारातून घेतलं, तोवर आमचा मंजूर भार २० किलोवॅटच्या आत होता. त्या वेळच्या नियमाने २० किलोवॅटच्या वरच्या लघुदाब ग्राहकालाच पॉवर फॅक्टरचा दंड लागायचा, त्यामुळे आमचा पॉवर फॅक्टर किती आहे याची चौकशी आम्ही कधी केलीच नव्हती. भार वाढवून घेतला आणि पुढच्या बिलात ‘०.५१’ हा आकडा दिसला. शेजारी दंडाची रक्कम. ०.९ च्या खाली दंड, ०.९५ च्या वर सूट, असा तो हिशेब होता.

मला वाटलं, नवीन घेतलेल्या दोन मशिनांच्या मोटारी खराब असतील. प्रत्यक्षात आमचं शेड पहिल्या दिवसापासून असंच चालत होतं. मोजणारं कोणी नव्हतं, एवढंच.

इंडक्शन मोटार फिरायला आधी तिच्या आत चुंबकत्व उभं राहावं लागतं. त्यासाठी ती जो करंट घेते तो काम करत नाही. सेकंदाला शंभर वेळा तो मोटारीत जातो आणि परत वायरीत येतो. हा करंट मोटारीवर काम किती आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतो. आमच्या ३ एचपीच्या लेथवर मी नंतर क्लँप मीटर लावून बघितलं. पाटीवर पूर्ण भाराचा करंट ४.७ अँपिअर लिहिलेला. चक रिकामा फिरत असताना २.३ अँपिअर, आणि नेहमीचा कट घेताना २.९. म्हणजे काम सुरू झालं तरी आकडा जेमतेम पाऊण अँपिअरच्या आतच वाढला. रिकामा असताना त्या २.३ अँपिअरमधून खरी वीज सुमारे ३०० वॅट, पॉवर फॅक्टर ०.१८. कट घेताना सव्वा किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.६. दोन्ही वेळा चुंबकत्वाचा हिस्सा मात्र १.६ केव्हीएआरच्या आसपास होता. पाटीवरचा ०.८२ हा पॉवर फॅक्टर मोटार पूर्ण भरलेली असताना मिळतो, आणि जॉबवर्कच्या शेडमध्ये लेथची मोटार पूर्ण भरलेली मी क्वचितच बघितली आहे. अर्धा वेळ तर कारागीर जॉब चकात बांधत असतो, मायक्रोमीटर लावत असतो, टूलला धार करत असतो आणि मोटार मागे क्लचवर नुसती फिरत असते.

हे तेव्हा माहीत असतं तर पुढचा हिशेब चुकला नसता.

हिशेब मी असा केला. बिलात पॉवर फॅक्टर ०.५१. मला पाहिजे ०.९८. कॅपॅसिटरच्या माहितीपत्रकात एक तक्ता होता: आत्ताचा पॉवर फॅक्टर डाव्या बाजूला, हवा असलेला वर, दोन्ही जिथे मिळतात तिथला आकडा किलोवॅटने गुणायचा. ०.५१ वरून ०.९८ साठी तो आकडा साधारण १.५ येतो. किलोवॅट किती घ्यायचे? बिलावर मंजूर भार लिहिलाच होता, २३. गुणाकार ३४ केव्हीएआर. दुकानदाराकडे ५ केव्हीएआरचे डबे होते. त्याने सात सांगितले, मी घासाघीस करून सहा घेतले आणि काटकसर केली म्हणून खूश झालो.

चूक कुठे आहे ते बघा. ०.५१ हा पॉवर फॅक्टर मोटारी अर्ध्याहून जास्त रिकाम्या असल्यामुळे आलेला. २३ किलोवॅट हा भार सगळ्या मोटारी एकाच वेळी पूर्ण भरल्या तरच येणार. आणि तशा भरल्या तर पॉवर फॅक्टर ०.५१ राहणारच नाही, ०.८ च्या पुढे जाईल. एकाच वेळी खरे असू शकत नाहीत असे दोन आकडे घेऊन मी गुणाकार केला होता. तक्ता बरोबर होता. त्यात घालायचे किलोवॅट हे ज्या वेळी ०.५१ येतो त्या वेळचे हवेत, मंजूर भाराचे नव्हेत.

सहाही डबे मुख्य पॅनेलला एकाच स्विचवर जोडले. सकाळी मेन टाकला की कॅपॅसिटर चालू, संध्याकाळी मेन पाडला की बंद. पुढच्या बिलात पॉवर फॅक्टर १.०० आला. दंड गेला, उलट सूट मिळाली. गल्लीतल्या दोघांनी येऊन दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

एक खूण मात्र त्याच आठवड्यात समोर होती आणि मी ती वाचली नाही. पॅनेलवरच्या अ‍ॅमीटरचा काटा आधी दुपारच्या वेळी १८ च्या आसपास असायचा. कॅपॅसिटर लावल्यावर तो कमी व्हायला पाहिजे. तो २३-२४ वर गेला. मी म्हटलं, मिलिंगचं काम वाढलंय. खरं कारण असं की ५ केव्हीएआर, ४४० व्होल्टचा डबा ४१५ व्होल्टवर साधारण साडेचार केव्हीएआर देतो आणि ६.२ अँपिअर घेतो. सहा डब्यांचे ३७ अँपिअर. मोटारींना चुंबकत्वासाठी लागत होते साडेपंधरा. उरलेले एकवीस-बावीस अँपिअर उलट्या बाजूला, म्हणजे लीडमध्ये, केबलमधून ट्रान्सफॉर्मरकडे फिरत होते. आधी शेड जेवढा फुकटचा करंट ओढत होतं त्यापेक्षा जास्त फुकटचा करंट मी स्वतः पैसे देऊन विकत आणलेल्या डब्यांतून तयार करत होतो. बिलात ते दिसत नव्हतं, कारण त्या वेळी पॉवर फॅक्टर काढताना फक्त लॅगची युनिटं धरली जायची. लीडची मीटर मोजत असलं तरी हिशेबात येत नव्हती.

मग राज्य वीज नियामक आयोगाचा सप्टेंबर २०१८ चा दरनिश्चितीचा आदेश आला. त्यात सरासरी पॉवर फॅक्टर काढताना लॅग आणि लीड दोन्हींची बेरीज धरायची असं ठरलं. पुढच्या बिलावर माझा पॉवर फॅक्टर ०.३८ होता.

प्रथम वाटलं बिल चुकलंय. अर्ज लिहायलाही बसलो होतो. शेजारच्या फाउंड्रीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून उभी हयात काढलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी बिल उलटसुलट बघितलं आणि बोट ठेवलं. एकूण युनिटं १३५० च्या आसपास, लॅगची युनिटं शून्य आणि लीडची ३२०० च्या वर.

“कॅपॅसिटर किती बसवलाईसा?” अण्णांनी विचारलं.

“तीस.”

“आणि मोटारी?”

“एकतीस एचपी.”

“अहो, एचपीला एक केव्हीएआर? निम्मासुद्धा लागत नाही. बिल बरोबर हाय मालक. तुमी चुकलाईसा.”

अर्ज फाडला. आता करायला काय हवं होतं? क्लँप मीटर घेऊन मोजायला हवं होतं आणि चार डबे काढून बाजूला ठेवायला हवे होते. एवढंच. पण पैसे घातलेली वस्तू काढून ठेवायला हात धजत नाही. मी दुसरी युक्ती काढली. वाचलं होतं की कॅपॅसिटर थेट मोटारीवर बसवणं सगळ्यात चांगलं: मोटार चालू तर कॅपॅसिटर चालू, मोटार बंद तर तोही बंद, लीडचा प्रश्नच नाही. शिवाय पॅनेलपासून मशिनपर्यंतच्या वायरीतलाही करंट कमी होतो. हे सगळं खरं आहे. म्हणून मी तीन डबे पॅनेलवर ठेवले आणि उरलेले मशिनांवर वाटले. पहिला मोठ्या लेथवर, दोन लहान लेथांवर. मोटारीच्या टर्मिनलवर सरळ जोडून टाकले, स्विचच्या पुढे.

मोठ्या लेथची ५ एचपी मोटार रिकामी चालताना ३.५ अँपिअर घेते, म्हणजे अडीच केव्हीएआर. मोटारीच्या टर्मिनलवर बसवायचा कॅपॅसिटर हा तिच्या रिकाम्या चालण्याच्या केव्हीएआरच्या नव्वद टक्क्यांच्या वर असू नये, असा नियम आहे. म्हणजे या मोटारीला २ केव्हीएआर. बाजारातल्या तक्त्यांतही १५०० फेऱ्यांच्या ५ एचपी मोटारीसमोर २ हाच आकडा असतो. मी बसवला होता प्रत्यक्षात साडेचार देणारा डबा.

नव्वद टक्के कशासाठी, ते लेथने दाखवलं. या लेथवर बारा इंची चक आहे. स्विच बंद केला तरी तो बराच वेळ गरगरत राहतो. आमचे जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी हाक मारली.

“मालक, बंद केलं तरी दिवा जळतोय की. आनि मोठा जळतोय.”

मोटारीच्या बाजूने घेतलेला इंडिकेटर स्विच बंद केल्यावर विझायच्या ऐवजी जास्त उजळत होता. चक मंदावत आला की एकदम विझायचा. मी मीटर लावून बघितलं तर स्विच पाडल्यावर टर्मिनलवर क्षणभर पाचशेच्या वर व्होल्ट येत होते. मोटार जनरेटर झाली होती. फिरता चक तिला फिरवत होता, आणि चुंबकत्व लाइनकडून मिळायचं बंद झालं तरी कॅपॅसिटर ते पुरवत होता. कॅपॅसिटर गरजेपेक्षा मोठा असला की हे व्होल्टेज लाइनच्याही वर चढतं. वेग एका मर्यादेच्या खाली गेला की कोसळतं, म्हणून दिवा मंद न होता एकदम विझायचा. कॅपॅसिटर नव्वद टक्क्यांच्या आत असेल तर मोटारीला स्वतःचं पूर्ण व्होल्टेज उभं करण्याइतका पुरवठा मिळत नाही. दिव्याचा बल्ब गेला, तो किरकोळ खर्च. पण बंद म्हणून हात घातलेल्या मोटारीच्या टर्मिनलवर पाचशे व्होल्ट असणं ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

मी काय केलं असेल? डबा काढून २ केव्हीएआरचा लावला. दिव्याचा प्रकार थांबला आणि मला वाटलं, जिंकलो. पण लेथवर कॅपॅसिटर मोटारीला जोडण्यात आणखी एक खोट आहे, ती माप बरोबर असलं तरी जात नाही. आटे पाडताना ती बाहेर आली.

आमच्या लेथांचा लीड स्क्रू इंचाचा. मेट्रिक आटे पाडायचे असतील तर हाफ नट उघडून टूल मागे आणता येत नाही, परत बसवताना आटा चुकतो. मग कारागीर हाफ नट तसाच ठेवतो, टूल बाहेर घेतो आणि ड्रम स्विच उलटा फिरवून मोटारच उलटी चालवतो. एका आट्यासाठी हे पाच-दहा वेळा होतं, आणि हातात लय बसली की मामा चक थांबायची वाट बघत नाहीत, फॉरवर्डवरून थेट रिव्हर्स. नुसती मोटार असेल तर स्विच मधल्या ठिकाणी येईपर्यंत तिच्यातलं व्होल्टेज बरंच ओसरलेलं असतं. कॅपॅसिटर जोडलेला असेल तर तो भरलेला असतो आणि मोटारीचं व्होल्टेज टिकवून धरतो. तेवढ्यात स्विच लाइनला लागतो, तोही दोन फेज उलटे करून. कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज आणि लाइनचं व्होल्टेज जुळत नाहीत आणि एक जबर करंटचा धक्का बसतो. पहिल्यांदा फ्यूज गेले. मग ड्रम स्विचमधून ठिणग्या दिसू लागल्या. उघडला तेव्हा तांब्याच्या पट्ट्या खड्डे पडून काळ्या झाल्या होत्या. मामांनी फार बोलणं टाळलं. “आदी बरं चाललं हुतं,” एवढंच म्हणाले.

तेव्हा लेथवरचे सगळे कॅपॅसिटर काढले. पटापट उलटसुलट चालणाऱ्या, किंवा ब्रेक लावून थांबणाऱ्या कुठल्याही मोटारीच्या टर्मिनलवर कॅपॅसिटर नको, हे आता मी पक्कं धरून चालतो. म्हणजे ज्या यंत्रामुळे आमचा पॉवर फॅक्टर सगळ्यात जास्त बिघडतो, नेमकं त्याच यंत्रावर कॅपॅसिटर बसवता येत नाही. कॉम्प्रेसरचं तसं नाही. तो एकाच दिशेने फिरतो, चालू झाला की बराच वेळ चालतो. त्याच्या २ एचपी मोटारीवर १ केव्हीएआरचा छोटा डबा बसवून बघितला, आधी रिकाम्या मोटारीचा करंट मोजून. तो आजही आहे. त्यावेळी ओव्हरलोड रिले मात्र पुन्हा लावून घ्यावा लागला. कॅपॅसिटर रिलेच्या पुढे असेल तर रिलेला मोटारीचा खरा करंट दिसत नाही, लाइनमधला कमी झालेला दिसतो. पाटीवरच्या आकड्यावर ठेवलेला रिले मग मोटार तापली तरी गप्प बसतो.

शेवटी अण्णांना बोलावलं. त्यांनी कॅपॅसिटरकडे बघितलंही नाही. आधी पॅनेलवर सगळे कॅपॅसिटर बंद करायला सांगितले आणि सकाळी अकरा ते चार मीटर लावून आकडे लिहायला बसवलं. नेहमीचं काम चालू असताना ४१५ व्होल्ट, १८ अँपिअर, ६.६ किलोवॅट. व्होल्ट, अँपिअर आणि १.७३२ यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की १२.९ केव्हीए. त्यातले चुंबकत्वाचे ११ केव्हीएआर. पॉवर फॅक्टर ०.५१, बिलात होता तोच. मग त्यांनी माझाच तक्ता घेतला आणि २३ च्या जागी ६.६ घातले. उत्तर आलं पावणेदहा. पाच मिनिटांचं काम होतं. दिवसभर आकडे बघताना आणखी एक गोष्ट दिसली: किलोवॅट तीनपासून आठपर्यंत खालीवर होत होते, पण केव्हीएआर नऊ ते बाराच्या बाहेर फारसे गेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मोटारी बंद पडल्या तेव्हाच ते खाली आले. चालू मोटारींची संख्या केव्हीएआर ठरवते, काम किती चाललंय हे नव्हे. हे एकदा लक्षात आलं की रिकामी मोटार बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे हेही लक्षात येतं. लहान लेथची मोटार जॉब बांधताना बंद ठेवली तर १.६ केव्हीएआर आणि ३०० वॅट दोन्ही वाचतात. कॅपॅसिटर फक्त पहिलं वाचवतो.

शेपरकडे बघून अण्णा हसले. या शेपरला दीड एचपी पुरते. आधीच्या मालकाची मोटार जळाली तेव्हा हाताशी होती म्हणून ५ एचपी बसवलेली. डेल्टामध्ये जोडलेली, रिकामी ३.४ अँपिअर घेणारी. अण्णांनी टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या बदलल्या आणि ती स्टारमध्ये जोडली. प्रत्येक वाइंडिंगवरचं व्होल्टेज ४१५ वरून २४० वर आलं, लाइनमधला रिकामा करंट १.१ अँपिअर. जवळजवळ तिसरा हिस्सा. मोटारीची ताकदही तिसरा हिस्साच राहते, तेव्हा जिला कधीच तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काम पडत नाही अशा मोटारीलाच हे चालतं. सहा टोकं बाहेर आलेली डेल्टा मोटार पाहिजे, ३ एचपीच्या आतल्या मोटारी बहुधा आधीच स्टारमध्ये असतात.

इथेही मी एक गोष्ट विसरलो. रिले ७.५ अँपिअरवर होता तो तसाच राहिला. डेल्टामध्ये लाइनला ७.५ असताना वाइंडिंगमध्ये ४.३ असतात. स्टारमध्ये लाइनचा करंट तोच वाइंडिंगचा. त्यामुळे रिले ४.३ वर आणायला हवा होता. एका नव्या पोराने ओतीव लोखंडावर खोल कट घेतला, शेपर मंदावला, मोटारीतून वार्निशचा वास आला तरी रिले पडला नाही. नशिबाने पोराचं नाक शाबूत होतं, त्याने बंद केला. मोटार वाचली.

शेवटचं काम ऑटोमॅटिक पॅनेलचं. १, २, २ आणि ४ केव्हीएआरच्या पायऱ्या, एकूण नऊ. लहान पायरी महत्त्वाची. पाचपाचच्या पायऱ्या असत्या तर सकाळी दोन लेथ चालू असताना पॅनेलच्या रिलेला एक तर काहीच घालता आलं नसतं किंवा लीडमध्ये जावं लागलं असतं. पॅनेल बनवणाऱ्याने २०० ला ५ चा सीटी आणला होता. आमच्या १८ अँपिअरला त्याच्यातून अर्धा अँपिअरही बाहेर येत नाही आणि दोन लेथच्या पाच अँपिअरला तर रिले ‘करंट नाही’ एवढंच दाखवत होता. ५० ला ५ चा बदलून घेतला. त्याहून मोठी गंमत सीटीच्या जागेची. आमच्या वायरमनने सोय म्हणून तो मोटारींकडे जाणाऱ्या केबलवर बसवला, कॅपॅसिटर जिथे जोडले त्याच्या पुढे. तिथून रिलेला फक्त मोटारी दिसतात, कॅपॅसिटर दिसत नाहीत. एक पायरी घातली, पॉवर फॅक्टर सुधारला नाही. दुसरी घातली, नाही. अशा चारही पायऱ्या घालून रिले ०.५१ दाखवत बसला. दोन लहान लेथ चालू असतानाही चारही आत. सीटी मीटर आणि कॅपॅसिटर यांच्या मधे, मीटरच्या बाजूला पाहिजे. जागा बदलल्यावर रिले तासाभरात शहाणा झाला.

विकणाऱ्यांचं एक बोलणं असतं की कॅपॅसिटर लावला की वीज तीस टक्के वाचते. मीटरवरची युनिटं वाचतात ती फक्त आपल्या वायरीत तापण्यात जाणारी. आमच्या मीटरपासून पॅनेलपर्यंतच्या केबलमध्ये करंट १८ वरून साडेनऊवर आला, त्यातून महिन्याला आठ-दहा युनिटं वाचली असतील. मोटार स्वतः आधी खात होती तेवढीच खाते. फायदा बिलातल्या हिशेबात आहे. १ एप्रिल २०२० पासून आमच्यासारख्या २० किलोवॅटच्या वरच्या लघुदाब उद्योगांना दंड आणि सूट हा प्रकार राहिला नाही, बिल थेट केव्हीएएच युनिटांवर येतं. आमची १३५० युनिटं ०.५१ वर २६५० भरली असती. आता ०.९८ वर १३८० च्या आत असतात.

जुने सहा डबे अजून माळ्यावर आहेत. कोणी विकत मागितले तर मी आधी त्याला क्लँप मीटर देतो. तुम्हीही कॅपॅसिटर घ्यायला निघाला असाल तर नेहमीचं काम चालू असताना मुख्य केबलचे अँपिअर आणि किलोवॅट मोजून घ्या, आणि आधीच बसवले असतील तर ते चालू करून अ‍ॅमीटरचा काटा बघा. तो वर गेला तर कॅपॅसिटर जास्त आहेत. बिलाच्या मागच्या बाजूला लीडच्या युनिटांचा रकाना असतो, तोही याच महिन्यात वाचा.